एम४बीची पार्श्वभूमी: दोनशे फायली, एक पुस्तक आणि थांबलेली जागा

ध्वनिपुस्तकाच्या प्रकरणांच्या सुट्या फायली जोडून एकच `.m4b` करायची पद्धत आता इतकी रुळली आहे, की हा काहीतरी वेगळा फॉरमॅट असावा असं वाटतं. तसं नाही. आत नेहमीचाच एमपी४ डबा आणि एएसी आवाज असतो. `.m4a` आणि `.m4b` यांच्यात फरक आहे तो फाइलच्या नावातल्या शेवटच्या अक्षराचा, आणि या सगळ्या इतिहासाची मेख त्या एका अक्षरात आहे.

कॅसेटच्या काळात ‘कुठवर ऐकलं’ हा प्रश्नच नव्हता. टेप थांबली तिथेच थांबलेली असायची, दुसऱ्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली तरी. सीडीने ही सोय घालवली. बहुतेक प्लेअर बंद करून चालू केले की गाडी पुन्हा पहिल्या ट्रॅकवर. त्यावर उपाय म्हणून वाचनाच्या सीड्यांवर काही मिनिटांचे छोटे छोटे ट्रॅक पाडायची रीत पडली, म्हणजे निदान ट्रॅकचा आकडा लक्षात ठेवता येई. अशा दहा-बारा सीड्या संगणकावर उतरवल्या की एका कादंबरीच्या शंभर-दोनशे फायली होत. फायलींचा ढीग आला तो असा, आणि तो एकत्र करायची गरजही तिथूनच निघाली.

२००१ मध्ये अ‍ॅपलचा आयपॉड आला तो गाण्यांसाठी. गाणं मध्येच सोडलं तर पुढच्या वेळी ते पहिल्यापासून वाजावं, हे योग्यच. पुस्तकाला ते चालत नाही. २००३ साली त्याच कंपनीच्या ऑनलाइन दुकानात ध्वनिपुस्तकं विकायला आली, तेव्हा प्लेअरला गाणं आणि पुस्तक यांतला फरक कळणं भाग होतं. उपाय निवडला गेला तो सर्वांत सोपा: नावाच्या शेवटी `.m4b` दिसलं तर थांबलेली जागा लक्षात ठेवायची, `.m4a` दिसलं तर नाही.

हा निर्णय बरोबर होता का, यावर अजून वाद होतो. बाजूने बोलणारे म्हणतात, की यामुळे घरच्या माणसाच्या हातात किल्ली आली. विकत घेतलेली पुस्तकं कुलूपबंद असत, पण स्वतः उतरवलेल्या सीडीची फाइल नुसतं नाव बदलून पुस्तक बनवता येई. विरोधकांचा मुद्दा मला जास्त पटतो. नावात माहिती कोंबल्यामुळे एक समज पसरला, की थांबलेली जागा फाइलमध्येच साठवलेली असते. ती तिथे कधीच नव्हती. फाइल फक्त ‘माझी जागा लक्षात ठेव’ एवढंच सुचवते, प्रत्यक्ष सेकंद लिहिले जातात ते प्लेअरच्या स्वतःच्या नोंदवहीत. म्हणून तीच `.m4b` दुसऱ्या फोनवर टाकली की ऐकणं शून्यापासून सुरू होतं. आणि दुरुस्त करून पुन्हा बनवलेली फाइल प्लेअरला बहुधा नवं पुस्तक वाटते, निम्मं ऐकून झालेलं असलं तरी. पुढे अ‍ॅपलच्या आयट्यून्स या संगणक-प्रणालीत कुठल्याही फाइलसाठी ‘जागा लक्षात ठेवा’ अशी खूण करायची सोय आली. ‘हे ध्वनिपुस्तक आहे’ असं सांगणारा `stik` टॅगही फाइलच्या आत लिहिला जाऊ लागला. तोवर `.m4b` ची सवय सुटण्यापलीकडे गेली होती.

प्रकरणांच्या खुणांची कथा आणखी गुंत्याची आहे. एमपी४च्या मूळ मानकात प्रकरणांची सरळ तरतूद नव्हती, त्यामुळे दोन रूढी पडल्या. एकीत प्रकरणांची नावं आवाजाच्या जोडीला मजकुराचा वेगळा ट्रॅक म्हणून बसतात. आयपॉड हीच वाचत असे. दुसरी एका जर्मन सीडी-लेखन प्रणालीतून आली. तिच्यात `chpl` नावाच्या लहानशा कप्प्यात सगळी यादी एकत्र असते. `ffmpeg` सारखं साधन वेगळं काही सांगितलं नाही तर दोन्ही लिहून मोकळं होतं, आणि कुठली वाचायची हे प्लेअर ठरवतो. त्यामुळे एकाच फाइलची प्रकरणं एका अ‍ॅपमध्ये नीट आणि दुसऱ्यात तुटकी दिसू शकतात.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. दासबोधाचे २० दशक, प्रत्येकात १० समास, म्हणजे समासागणिक एक याप्रमाणे २०० एमपी३ फायली. `chpl` मध्ये प्रकरणांची संख्या एका बाइटमध्ये लिहितात, म्हणून मर्यादा २५५. दोनशे समास त्यात बसतात. नावाची लांबीही एकाच बाइटमध्ये मोजली जाते, आणि मराठीला फटका बसतो तो इथे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्त धरून, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं. ‘समास’ या तीन अक्षरांत चार चिन्हं आहेत, म्हणजे बारा बाइट. २५५ बाइटांत जेमतेम ८५ चिन्हं मावतात. दशकाचं नाव, समासाचं नाव आणि वाचकाचं नाव असं सगळं एका ओळीत लिहिलं तर शेपूट कापलं जातं, आणि काप चिन्हाच्या मधोमध पडला तर शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. `ffmpeg` ला द्यायच्या खुणांच्या फाइलमध्ये ‘दशक १ समास १’ एवढंच लिहावं:

```
;FFMETADATA1
[CHAPTER]
TIMEBASE=1/1000
START=0
END=312480
title=दशक १ समास १
```

`START` आणि `END` मिलिसेकंदांत आहेत. हे आकडे आणायचे कुठून, यावर बाकी सगळं अवलंबून असतं. एमपी३ बनवताना प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरली जाते. एक एमपी३ फ्रेम सुमारे २६ मिलिसेकंदांची. खुणा मोजताना ही शांतता वगळली आणि जोडताना मात्र ती तशीच राहिली, असं झालं आणि दर फाइलला एकाच फ्रेमचा फरक धरला, तरी दोनशेव्या समासापर्यंत खुणा पाच सेकंदांहून जास्त मागे राहतात. ओळखायचं सोपं आहे: शेवटच्या समासाच्या खुणेवर टिचकी मारल्यावर आधीच्या समासाची शेवटची ओवी ऐकू आली, की गणित चुकलं. आधी प्रत्येक फायलीचा कच्चा डब्ल्यूएव्ही काढावा, लांबी त्याचीच मोजावी आणि जोडणीही त्याचीच करावी. फायलींना `001` पासून नावं द्यावीत, नाहीतर पहिल्यानंतर दहावा समास येतो.

समास सरासरी पाच मिनिटांचा धरला तर पुस्तक होतं १६ तास ४० मिनिटांचं. जुन्या आयपॉडवर एवढं पुस्तक रडायचं. दर सेकंदाला ४४,१०० सॅम्पल मोजत गेलं, तर धन-ऋण चिन्हासह मोजणारा ३२ बिटांचा आकडा साडेतेरा तासांत भरतो. म्हणून घरगुती साधनं पुस्तकाचे बारा-बारा तासांचे भाग पाडत, किंवा लोक २२,०५० चा दर घेऊन मर्यादा दुप्पट करत. बोलण्याच्या आवाजाला तो दर चालून जातो. ६४ केबीपीएसला एका तासाचे साधारण २९ एमबी होतात, तेव्हा आकाराची अडचण कधी फारशी नव्हती.

दरम्यान २००५ मध्ये एमपी३च्या टॅगमध्येही प्रकरणं लिहायची पद्धत ठरली, पण पुस्तकं ऐकणाऱ्यांनी तोवर एम४बी धरली होती. २०२० मध्ये वेबच्या मानकांनी तर उलटीच वाट घेतली: फायली सुट्याच ठेवायच्या आणि क्रम सांगणारी यादी सोबत द्यायची. घरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या आजच्या ध्वनिपुस्तक प्रणालीही दोनशे फायलींचं फोल्डर एकच पुस्तक म्हणून दाखवतात. थांबलेली जागा या प्रणाली ऐकणाऱ्याच्या खात्यावर नोंदवतात, त्यामुळे फोनवर सोडलेली ओवी टॅबलेटवर पुढे सुरू होते. अशा ठिकाणी जोडणीची गरज उरत नाही. ती उरली आहे इंटरनेटशिवाय फोनवर ऐकणाऱ्यांसाठी, आणि ज्यांना पुस्तक एका फाइलमध्ये दुसऱ्याला द्यायचं आहे त्यांच्यासाठी. गाडीतल्या पेनड्राइव्हसाठी मात्र सुट्या एमपी३च बऱ्या, कारण अनेक कार-स्टिरिओंना `.m4b` ओळखताच येत नाही.