पंचवीस जणांतले दहा टक्के नेमके कोण?

वर्गात २५ विद्यार्थी आहेत आणि नियम सांगतो की गुणांनुसार वरच्या दहा टक्क्यांत येणाऱ्यांची नावं सन्मान यादीत लावायची. २५ चे दहा टक्के म्हणजे अडीच, आणि अर्धा विद्यार्थी यादीत बसत नाही. मग दोन नावं लावायची की तीन? बहुतेक वेळा हे कुणी माणूस ठरवतच नाही. स्प्रेडशीटमधलं एक फंक्शन परस्पर ठरवून टाकतं.

गुण चढत्या क्रमाने लावले आहेत असं धरू. बाविसाव्या जागी ८६, तेविसाव्या जागी ९१, चोविसाव्या जागी ९२ आणि सगळ्यात वर ९६. वरचे दहा टक्के वेगळे काढणारा कट-ऑफ म्हणजे नव्वदावा पर्सेंटाइल, आणि एक्सेलमध्ये तो काढायचे दोन मार्ग आहेत:

```
=PERCENTILE.INC(B2:B26, 0.9)
=PERCENTILE.EXC(B2:B26, 0.9)
```

पहिलं सूत्र ८९ हे उत्तर देतं, दुसरं ९१.४. कट-ऑफइतके किंवा त्याहून जास्त गुण असलेल्यांना यादीत घ्यायचं म्हटलं, तर पहिल्या सूत्राने तीन नावं लागतात आणि दुसऱ्याने दोनच. गुण तेच, नियम तोच, तरी ९१ गुणांचा विद्यार्थी एकात आत आणि दुसऱ्यात बाहेर.

दोन्ही सूत्रं आधी एक जागा शोधतात. INC म्हणजे दोन्ही टोकं धरणारी पद्धत. तिच्यात सगळ्यात कमी गुणांना शून्य आणि सगळ्यात जास्त गुणांना शंभर टक्क्यांचं स्थान मिळतं. २५ जणांमध्ये २४ पावलांचं अंतर असतं, त्याचे नव्वद टक्के २१.६, त्यात पहिली जागा मिळवली की २२.६. म्हणजे बाविसाव्या आणि तेविसाव्या गुणांमधला ०.६ वाटेवरचा बिंदू: ८६ आणि ९१ मध्ये ५ चा फरक आहे, त्याचा ०.६ भाग ३, म्हणून ८९.

EXC टोकं वगळते. हाती आलेले गुण हा कुठल्या तरी मोठ्या समूहाचा नमुना आहे आणि त्या समूहात याहून कमी किंवा याहून जास्त गुणही असू शकतात, असं ती मानते. म्हणून ती २५ मध्ये एक मिळवून २६ चे नव्वद टक्के घेते आणि २३.४ या जागेवर पोचते. ९१ आणि ९२ च्या मध्ये ०.४ वाटेवर, म्हणजे ९१.४.

९१ गुणांच्या त्या विद्यार्थ्याचं स्वतःचं स्थान विचारलं तरी हाच घोळ दिसतो. PERCENTRANK.INC त्याला ०.९१६ देतं, PERCENTRANK.EXC ०.८८४. एकाच मुलाला एक पद्धत नव्वदच्या वर बसवते आणि दुसरी खाली.

पट मोठा असला की हा फरक मिटतो असं वाटतं, पण तसं होत नाही. कुणाचेही गुण सारखे नसतील, तर INC पटाच्या दहा टक्क्यांतला अपूर्णांक नेहमी वर नेते. EXC तो खाली आणते. अपवाद फक्त ९ वर संपणाऱ्या पटाचा, तिथे तीही वरच नेते. त्यामुळे पटाचा शेवटचा अंक ० किंवा ९ असेल तर दोन्ही याद्या जुळतात, एरवी एका नावाचा फरक पडतो. ४०० जणांत दोन्हींकडून ४० नावं येतात, ४०१ झाले की ४१ आणि ४०. आणि पट नऊपेक्षा कमी असेल तर EXC नव्वदावा पर्सेंटाइल देतच नाही, पेशीत #NUM! दिसतं.

माझ्या मते सन्मान यादीसाठी EXC चं गृहीतकच लागू होत नाही. इथे वर्ग हा नमुना नाही, सगळा समूह आपल्यासमोर आहे. पण म्हणून INC आपोआप न्याय्य ठरत नाही, कारण २५ पैकी तीन म्हणजे बारा टक्के. नियमात 'जास्तीत जास्त दहा टक्के' असं लिहिलं असेल, तर INC ची यादी नियम मोडते. 'किमान दहा टक्के' असं असेल, तर दोन नावांची यादी तो मोडते.

कुठली पद्धत वापरली गेली हे ओळखणं कठीण नाही. एक्सेलमधलं जुनं, नुसतं PERCENTILE हे INC सारखंच चालतं. पायथनमध्ये मात्र जपून: numpy.percentile काही न सांगता INC ची रीत वापरतं, तर statistics.quantiles काही न सांगता EXC ची. एक्सेलच्या सूत्रात ०.९ ऐवजी १ घालून पाहा. सर्वोच्च गुण आले तर INC, चूक दाखवली तर EXC.

समान गुण आले की गुंता वाढतो. बाविसाव्यालाही ९१ च असते, तर INC चा कट-ऑफ नेमका ९१ झाला असता आणि यादीत चार नावं आली असती. तिथे सूत्रात >= ऐवजी > लिहिलं, तर तीच यादी दोनावर येते. म्हणून मी इथे पर्सेंटाइल वापरणारच नाही. आधी किती नावं घ्यायची, अपूर्णांक वर न्यायचा की खाली, आणि शेवटच्या जागेवर बरोबरी झाली तर सगळ्यांना घ्यायचं की कुणालाच नाही, एवढं निकालाआधी लिहून ठेवावं. मग तीन नावं ठरली असतील तर =LARGE(B2:B26, 3) एवढं पुरतं. त्याचं उत्तर ९१ येतं, आणि ते कुणातरी विद्यार्थ्याला खरोखर मिळालेले गुण असतात.