खेळण्यातल्या नोटांचा वर्गबाजार

खेळण्यातल्या नोटांचा वर्गबाजार हा पाचवी ते सातवीच्या मुलांसाठीचा वर्गातला उपक्रम आहे. त्यात दोन प्रकारच्या बनावट चलनांनी मुले खरेदी-विक्री करतात आणि चलनाचा विनिमय दर, मालाची खरेदी किंमत व दुकानदाराचा गाळा म्हणजे मार्जिन यांचा परस्परसंबंध हाताने हिशेब करून समजून घेतात. अनेक शाळांत भरणाऱ्या आठवडे बाजारात किंवा आनंद मेळाव्यात खऱ्या पैशांनी भेळ, भाजी विकली जाते. वर्गबाजार त्याहून वेगळा आहे. मेळाव्यात माल बहुधा आई-वडिलांनी भरलेला असतो, त्यामुळे गल्ल्यात पडलेला प्रत्येक रुपया मुलांना नफाच वाटतो. वर्गबाजारात माल, जागा आणि परचलन या तिन्हींचे पैसे मुलांनाच मोजावे लागतात.

पुण्याचा संदर्भ. दोन चलनांची कल्पना पुण्यातल्या मुलांना समजावताना शहराचा इतिहास हाताशी आहे. पेशवाईत येथे अंकुशी, चांदवडी अशा वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत. एका नाण्याच्या बदल्यात दुसरे देताना सराफ बट्टा कापून घेत. पुढे दिलेल्या मांडणीतले चलन बदलून देणारे टेबल म्हणजे त्या सराफाचीच पेढी होय. ठोक आणि किरकोळ विक्रीतला फरक दाखवायला मार्केट यार्ड आणि महात्मा फुले मंडई ही जोडी पुरते. यार्डातला माल मंडईच्या गाळ्यावर येईपर्यंत त्यावर हमाली, टेम्पो, गाळ्याचे भाडे आणि नासाडी चढलेली असते.

मांडणी. वर्गाचे दोन भाग करतात. अलीकडच्या भागाचे चलन ‘मोर’, पलीकडच्या भागाचे ‘कमळ’. दुकाने अलीकडे असतात आणि गिऱ्हाईक त्यांना मोरच देते. ठोक व्यापारी पलीकडे बसतो आणि कमळांशिवाय काही घेत नाही. ही भूमिका शिक्षकांनी स्वतःकडे ठेवलेली बरी. पलीकडच्या मुलांना पगार कमळांत मिळतो. दुकानात यायचे तर त्यांना पेढीवर कमळे देऊन मोर घ्यावे लागतात. दुकानदाराला माल भरायला उलट मोर देऊन कमळे हवी असतात. पेढीकडे कमळे येतात ती पलीकडच्या गिऱ्हाइकांकडून आणि जातात ती दुकानदारांकडे, म्हणून दर कशाने हलतो हे मुलांना डोळ्यांसमोर दिसते.

नोटा जाड रंगीत कागदाच्या, एका बाजूने छापलेल्या आणि आकाराने खऱ्या नोटांपेक्षा स्पष्टपणे वेगळ्या असाव्यात. खऱ्या नोटांची रंगीत झेरॉक्स वापरू नये. चलनी नोटेसारखा दिसणारा कागद तयार करणे कायद्याने गुन्हा आहे. एक आणि दोनच्या नोटा भरपूर लागतात. सुटे संपले की सात मोरांची वस्तू मुले दहाला विकू लागतात आणि सगळा हिशेब बिघडतो.

पेढी आणि बट्टा. पेढीच्या फळ्यावर दोन दर लिहितात: एक कमळ घेताना ९ मोर, देताना ११ मोर. पहिल्या फेरीत मुलांना ही सरळ फसवणूक वाटते. एखादा ११० मोर देऊन १० कमळे घेतो, विचार बदलून लगेच परत करतो आणि हातात ९० मोर पडतात. अशा वेळी लगेच उत्तर देऊ नये. पुढच्या फेरीत घेण्या-देण्याचा दर एकच, १० मोर, ठेवून पाहावा. फेरी संपल्यावर पेढीवरची मुले मोजणी करतात तेव्हा जेवढे होते तेवढेच उरलेले असते, आणि टेबलाचे भाडे द्यायला काहीच नसते. दोन दर का हवेत याचा उलगडा तिथे होतो.

गाळ्याचा हिशेब. समजा एका दुकानाला सुरुवातीला १२५ मोर मिळाले. त्यातले १५ जागेच्या भाड्यात गेले. उरलेल्या ११० मोरांची १० कमळे झाली आणि त्यांचे २० खोडरबर आले. एक खोडरबर साडेपाच मोरांना पडला, म्हणून मुले हमखास सहा मोर भाव लावतात आणि प्रत्येक नगामागे अर्धा मोर सुटला असे मानतात. बाजार उठेपर्यंत दोन खोडरबर हरवतात किंवा तुटतात. उरलेल्या १८ नगांचे १०८ मोर येतात, म्हणजे १७ मोरांचा तोटा. भाडे आणि नासाडी धरली तर १२५ मोर १८ नगांवर पसरावे लागतात. सात मोर भावाला १२६ येतात आणि दुकान जेमतेम तरते. आठ भावाला १४४ येतात, १९ मोर उरतात. दिवसभर उभ्या राहिलेल्या दोन मुलांची मजुरी त्यातूनच निघायची आहे.

मार्जिनच्या टक्केवारीवर मात्र वेगळे बोलावे लागते. पाठ्यपुस्तकात शेकडा नफा खरेदी किमतीवर काढतात, तर दुकानदार बहुतेकदा विक्री किमतीवर मार्जिन सांगतो. चारला घेऊन पाचला विकलेल्या वस्तूवर एका हिशेबाने २५ टक्के सुटतात, दुसऱ्याने २०. दोघेही बरोबर असतात.

दर बदलल्यावर. उपक्रमाचा गाभा दुसऱ्या दिवशी येतो. पलीकडून गिऱ्हाईक कमी आले, पेढीत कमळे थोडी उरली, आणि कमळ देण्याचा दर ११ वरून १४ मोर झाला असे धरू. आठ मोर भावाने विकणाऱ्या दुकानाकडे १४४ मोर आहेत. भाड्याचे १५ वजा जाता १२९ उरतात. जुन्या दराने त्यांत ११ कमळे, म्हणजे २२ खोडरबर आले असते. नव्या दराने ९ कमळे मिळतात, म्हणजे १८ खोडरबर. वहीत नफा दिसतो आणि फळीवरचा माल मात्र कमी झालेला असतो. सात मोर भावाने विकणाऱ्याची अवस्था आणखी बिकट होते. त्याच्याकडे भाडे देऊन १११ मोर उरतात, त्यांची ७ कमळे आणि १४ खोडरबर. शिल्लक माल जुन्या दराने आणलेला असूनही दुकानदार भाव का वाढवतो, हा वाद वर्गात इथे पेटतो. त्याचे उत्तर शिक्षकांनी द्यायची गरज पडत नाही; फळीवर उरलेला माल मोजला की वाद मिटतो.

बिघाड आणि मर्यादा. सर्वांत जास्त घोळ जादा नोटांनी होतो. बक्षीस म्हणून शिक्षक मधूनच नोटा वाटतात, माल तेवढाच राहतो, आणि भाव चढू लागतात. फळ्यावरचे सगळेच भाव एकाच वेळी वर जात असतील तर दोष दुकानदारांचा नसून वाटलेल्या नोटांचा आहे असे समजावे. दुसरा घोळ शेवटच्या फेरीचा. घंटा झाल्यावर नोटांना किंमत नाही हे कळताच मुले वाटेल त्या भावाने माल उचलतात. म्हणून शेवटची फेरी आधी सांगू नये, किंवा नोटा पुढच्या आठवड्यात चालतील असे ठरवावे.

उधारी, व्याज आणि कर या खेळात येत नाहीत. विनिमय दरही इथे एकाच पेढीच्या गल्ल्यावरून ठरतो. रुपयाचा दर १९९३ पासून प्रामुख्याने बाजारातल्या मागणी-पुरवठ्यावर ठरतो, आणि त्यात फार चढउतार झाल्यास रिझर्व्ह बँक डॉलर विकून किंवा विकत घेऊन हस्तक्षेप करते. सातवीच्या वर्गात शिक्षक जवळ राखून ठेवलेली कमळे पेढीला विकून १४ चा दर १२ वर आणू शकतात. मात्र राखीव कमळे संपली की दर पुन्हा चढतो.