एकाच प्लॉटवर 95 झाडं की 115? चौरस आणि त्रिकोणी लागवडीच्या आकड्यांमागची गोष्ट

साठ बाय साठ मीटरचा सपाट तुकडा, झाडांत अंतर 6 मीटर. चौरस पद्धतीत किती झाडं बसतात विचारलं तर सगळे 100 म्हणतात, त्यावर वाद नाही. पण त्रिकोणी पद्धतीत किती, असं विचारलं की एक जण 115 सांगतो, दुसरा 110, शेतात प्रत्यक्ष खुंट्या मोजून आलेला 105 म्हणतो आणि एखादा शांतपणे 95 सांगतो. गंमत म्हणजे चौघांचंही गणित बरोबर असतं. हा घोळ झाला कसा ते बघायला थोडं मागे जावं लागेल, फार मागे नको.

झाडं ओळीत आणि ओळी एकमेकींशी जुळवून लावायची हौस जुनीच आहे. लिडियातल्या सार्डिसला एका पर्शियन राजपुत्राने बाग लावली होती, तिथल्या सरळ ओळी आणि सारखी अंतरं बघून आलेला ग्रीक पाहुणा थक्क झाला, असं एका ग्रीक लेखकाने लिहून ठेवलंय. पुढे रोमन लोकांनी तीच गोष्ट सांगताना त्या ओळींना 'क्विनकंक्स' हा शब्द लावला. हा मुळात पैशातला शब्द, म्हणजे बारातले पाच भाग, आणि त्या किमतीच्या नाण्यावर पाच ठिपके असायचे. फाशावरचा पाच आठवा, चार कोपऱ्यात चार आणि मध्ये एक. इथेच पहिली गाठ पडली, कारण फाशावरच्या पाचात दोन ओळींमधली झाडं एकाआड एक सरकलेली दिसतात खरी, पण ती आकृती समभुज त्रिकोणाची नाही, तो 45 अंशांत फिरवलेला चौरसच आहे. 'सरकलेल्या ओळी' म्हणजे त्रिकोण, आणि त्रिकोण म्हणजे जास्त झाडं, हा समज बहुतेक या दिसण्यातून आला असावा. 1658 मध्ये एका इंग्रज डॉक्टरने या पाच ठिपक्यांच्या आकृतीवर अख्खं पुस्तक लिहिलं, पण झाडं मोजायला त्याचा काही उपयोग नाही, म्हणून पुढे जाऊ.

मोजणीचा पाया गणितवाल्यांनी घातला. सारख्या आकाराची वर्तुळं सपाट जागेत सगळ्यात दाट कशी बसतील हा तो प्रश्न. नियमित जाळीपुरतं उत्तर 1773 च्या एका कामातून निघतं आणि कुठल्याही मांडणीसाठीची सिद्धता 1940 च्या दशकात पक्की झाली. उत्तर दोन्हीकडे एकच, समभुज त्रिकोण. बागेच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक झाड शेजारच्या सहा झाडांपासून सारख्या अंतरावर, म्हणून या पद्धतीला षटकोनी पण म्हणतात. यात ओळीतलं अंतर 6 मीटरच राहतं, पण दोन ओळींतलं अंतर 6 ला 0.866 ने गुणून येतं, म्हणजे 5.196 मीटर. ओळी जवळ आल्या म्हणून झाडं वाढली, बाकी काही जादू नाही. 1 ला 0.866 ने भागलं की 1.1547 येतात, आणि 'त्रिकोणी पद्धतीत 15 टक्के झाडं जास्त' हे सगळीकडे ऐकू येणारं वाक्य इथून आलं.

आता खरी कटकट. फळबागेच्या शिकवणीच्या पुस्तकांत कधीतरी 'षटकोनी' आणि 'त्रिकोणी' अशा दोन वेगळ्या पद्धती झाल्या. षटकोनी म्हणजे वर सांगितलेली समभुजवाली. आणि त्रिकोणी म्हणजे काय, तर आखणी चौरसाचीच, ओळींतलं अंतरही 6 मीटरच, फक्त दर दुसऱ्या ओळीतली झाडं अर्ध्या अंतराने सरकवायची. त्रिकोण होतोच की, पण समद्विभुज. या व्याख्येत झाडं वाढत नाहीत, उलट कमी होतात, कारण सरकलेल्या ओळीत एक झाड कमी बसतं. दुसऱ्या काही ठिकाणी मात्र 'त्रिकोणी' हा शब्द सरळ समभुजसाठीच वापरतात. मग एका पुस्तकातलं नाव, दुसऱ्यातला आकडा आणि तिसऱ्यातलं चित्र असं मिळून जे तयार होतं ते घेऊन माणूस रोपं मागवायला जातो. माझं स्पष्ट मत, समद्विभुजवाल्या मांडणीला त्रिकोणी म्हणायलाच नको होतं, सरकता चौरस म्हणाले असते तर निम्मे वाद झालेच नसते. पण नाव पडलं ते पडलं.

आता तोच साठ बाय साठचा तुकडा घेऊ आणि खुंट्या ठोकू. नियम एकच ठेवू, कुठलंही झाड हद्दीपासून 3 मीटरच्या आत नको. चौरसात पहिलं झाड 3 मीटरवर, शेवटचं 57 वर, ओळीत 10 झाडं, ओळी 10, झाले 100. समद्विभुजमध्ये ओळी 10 च, पण एक ओळ 10 झाडांची आणि पुढची 9 ची, कारण सरकलेली ओळ 6 मीटरवर सुरू होते आणि 54 वर संपते, त्यापुढचं झाड 60 वर म्हणजे थेट हद्दीवर जातं. पाच ओळी 10 च्या, पाच ओळी 9 च्या, एकूण 95.

समभुजमध्ये ओळींसाठी 54 मीटर हातात आहेत, त्याला 5.196 ने भागलं की 10.39 येतं, म्हणजे 10 गाळे आणि 11 ओळी. सहा ओळी 10 झाडांच्या, पाच ओळी 9 झाडांच्या, 60 आणि 45 मिळून 105. शेवटच्या ओळीपुढे दोन मीटर जागा उरते, जिचा उपयोग काही नाही. 115 हा आकडा येतो तो 3600 ला 36 ने भागून 1.1547 ने गुणल्यावर, आणि त्या सूत्राला बांध, कोपरे, उरलेली पट्टी काही माहीत नसतं. 110 कुठून येतात? तर 3 मीटरचा नियम ओळीच्या टोकांना थोडा मोडायचा, एका ओळीत पहिलं झाड दीड मीटरवर लावायचं आणि पुढच्या ओळीत शेवटचं झाड दुसऱ्या हद्दीपासून दीड मीटरवर, मग 11 च्या 11 ओळींत 10 झाडं बसतात. हद्दीपलीकडे रस्ता किंवा आपलंच रान असेल तर चालतं, शेजाऱ्याचा बांध असेल तर फांद्या पलीकडे जाणार आणि भांडण होणार.

म्हणजे 15 टक्के म्हणतात त्यातले हातात आले 5. तुकडा जेवढा मोठा तेवढा हा तोटा कमी होतो, 300 बाय 300 मीटरवर त्याच नियमाने चौरसात 2500 आणि समभुजमध्ये 2822 बसतात, म्हणजे जवळपास 13 टक्के जास्त. उलट तुकडा लहान असेल आणि बाजू 6 च्या पटीत असेल तर चौरसच जिंकतो, हे बऱ्याच लोकांना पटत नाही म्हणून आकडे देतो. 42 बाय 42 मीटरवर चौरसात 49, समभुजमध्ये 46. 48 बाय 48 ला पारडं पहिल्यांदा फिरतं, 64 विरुद्ध 68. ओळीत आठपेक्षा कमी झाडं बसणार असतील तर अशा चौकोनी तुकड्यावर त्रिकोणाच्या मागे लागून झाडं वाढत नाहीत, आखणीचा त्रास तेवढा वाढतो. लांबट किंवा वेड्यावाकड्या तुकड्यात हिशोब परत बदलतो, तिथे कागदावर मोजपट्टीने काढूनच बघावं.

आखणीचा त्रास म्हणजे काय तर चौरसाला एक काटकोन आणि दोन दोऱ्या पुरतात, समभुजला ओळींतलं अंतर 5.196 असं अवघड येतं. लोक ते 5 धरतात, हिशोबाला सोपं म्हणून. मग दहा गाळ्यांत शेवटची ओळ जवळपास दोन मीटर आत येते आणि तिरक्या शेजाऱ्याचं अंतर 6 ऐवजी 5.83 होतं. 5.2 धरलं तर दहा गाळ्यांत जेमतेम 4 सेंटीमीटरचा फरक पडतो, तो सोडून द्यावा. तयार बागेत कुठली पद्धत आहे हे ओळखायला टेपचं एकच माप पुरतं. ओळीतलं अंतर 6 असेल तर पुढच्या ओळीतल्या जवळच्या झाडापर्यंत तिरकं माप घ्या, 6 आलं तर समभुज आणि 6.71 च्या आसपास आलं तर सरकता चौरस. मी स्वतः एका बागेत दिवसभर खुंट्या ठोकून झाल्यावर संध्याकाळी हे माप घेतलं होतं आणि 6.7 निघालं, मालक तोवर 115 रोपांची ऑर्डर देऊन मोकळा झालेला. वीस रोपं सावलीत पडून राहिली.

विसाव्या शतकात बागेत ट्रॅक्टर शिरला आणि वादाचा रोखच बदलला. चौरसात दोन काटकोनी दिशांना 6 मीटरची सरळ वाट मिळते, समभुजमध्ये वाटा तीन दिशांना मिळतात पण प्रत्येक 5.2 मीटरचीच, आणि झाडाचा घेर वाढला की तिन्ही एकदमच बंद होत जातात. विरळणीतही असंच. चौरसात दाटी झाली की एकाआड एक तिरकी झाडं काढली की उरलेली परत चौरसातच राहतात, 8.49 मीटरवर. समभुजमधून निम्मी काढायला गेलं तर त्रिकोण मोडतो, एकाआड एक ओळ काढली तर उरतो 6 बाय 10.39 चा आयत. समभुज टिकवायचा असेल तर तीनातली दोन झाडं काढावी लागतात. सुरुवातीला दाट लावून नंतर विरळ करणाऱ्याला ते परवडत नाही.

त्याच शतकात, 1910 च्या दशकापासून, इंग्लंडमधल्या केंट परगण्यात सफरचंदाची कलमं ज्यांवर बांधतात ते बुटके खुंट निवडून त्यांना नंबर देण्यात आले, आणि पुढे त्यांच्यावरच्या बागा दोन ओळींमध्ये 4 मीटर आणि ओळीत 1 मीटर अशा लागायला लागल्या. तो सरळ आयत आहे. साठ बाय साठवर सूत्राने 900 झाडं येतात, तिथे 100 चे 105 झाले की 115 याला काय अर्थ उरतो. सफरचंदवाल्यांनी हा वाद जवळजवळ सोडूनच दिला.

त्रिकोण टिकला तो ताडाच्या जातीत. तेलताडाच्या मोठ्या मळ्यांत 9 मीटरचा समभुज त्रिकोण आजही नेहमीचा आहे, ओळींत 7.8 मीटर अंतर आणि हेक्टरी 143 झाडं, त्याच अंतराच्या चौरसात 123 बसली असती. ताडाला फांद्या नाहीत, झावळ्यांचा घेर सगळ्या बाजूंनी गोल आणि छाटून आकार बदलता येत नाही, त्यामुळे वर्तुळांचं ते जुनं गणित इथे जसंच्या तसं लागू पडतं. आणि मळा शेकडो हेक्टरचा असतो, काठाची पाच-दहा झाडं गेली तर कोणी मोजत बसत नाही.