फॉर्म १६ व फॉर्म २६एएस यांचा ताळा

नोकरदाराला मालकाकडून मिळणारे वेतन व करकपातीचे प्रमाणपत्र (फॉर्म १६) प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावरील करविवरणाशी (फॉर्म २६एएस) पडताळून, विवरणपत्रात दाखवायचे वेतन-उत्पन्न आणि मागायचे करश्रेय निश्चित करण्याची भारतातील पद्धत. २०२१ च्या नोव्हेंबरपासून वार्षिक माहिती विवरणाचाही (एआयएस) तीत समावेश होतो. प्रस्तुत नोंदीतील कलमे प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मधील आहेत. त्याची जागा घेणारा २०२५ चा अधिनियम १ एप्रिल २०२६ पासून लागू असून तेथे कलमांचे क्रमांक निराळे आहेत.

या पद्धतीचा आरंभ नेमका कधी झाला याबद्दल एकवाक्यता नाही. काही लेखक तो २००४ च्या दुसऱ्या वित्त अधिनियमाने घातलेल्या कलम २०३एए पासून मानतात, कारण करदात्याला वार्षिक करविवरण देण्याची तरतूद प्रथम त्यात आली. तथापि त्या काळात विवरणपत्रासोबत मालकाच्या सहीचे कागदी प्रमाणपत्र जोडावे लागे आणि श्रेय बहुधा त्यावरूनच मिळे. जोडपत्रांशिवाय विवरणपत्र स्वीकारण्याची पद्धत २००७ च्या सुमारास आली आणि संगणकावरील नोंदीला महत्त्व चढले. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एप्रिल २०१३ च्या परिपत्रकाने फॉर्म १६ चा भाग अ ‘ट्रेसेस’ या संगणकप्रणालीतूनच काढणे सक्तीचे केले. आजच्या अर्थाने ताळा तेव्हापासून सुरू झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. भाग ब ला हीच सक्ती २०१८-१९ या आर्थिक वर्षापासून लागू झाली.

फॉर्म १६ चे दोन भाग एकाच विवरणातून निघत असले, तरी त्यांची उगमस्थाने वेगळी आहेत. मालक दर तिमाहीला फॉर्म २४क्यू भरतो. त्याच्या परिशिष्ट १ मध्ये प्रत्येक कर्मचाऱ्याला त्या तिमाहीत दिलेली रक्कम व कापलेला कर ओळीओळीने येतो. भाग अ आणि २६एएस हे दोन्ही त्यावरूनच तयार होतात. परिशिष्ट २ मात्र फक्त चौथ्या तिमाहीत भरतात. त्यात वर्षाचे एकूण वेतन, वजावटी व करपात्र उत्पन्न असते आणि भाग ब त्यावरून निघतो. म्हणूनच भाग अ आणि २६एएस जुळले, एवढ्यावर समाधान मानणे फारसे उपयोगाचे नाही. एकाच ओळीच्या त्या दोन प्रती आहेत. ओळ चुकली असेल तर दोन्हीकडे चूक सारखीच दिसेल. खरी परीक्षा भाग ब व मासिक पगारपत्रके एका बाजूला आणि २६एएस दुसऱ्या बाजूला ठेवल्यावर होते. एआयएसमध्ये कलम १९२ खालील वेतन आणि परिशिष्ट २ मधील वेतन अशा दोन स्वतंत्र नोंदी दिसतात, त्यामुळे हा फरक तेथे चटकन लक्षात येतो. या दोन नोंदींची बेरीज करायची नसते.

उदाहरणादाखल २०२४-२५ मधील एक कर्मचारी घेऊ : नवी करप्रणाली, मासिक वेतन ८०,००० रु. आणि मार्चमध्ये ६०,००० रु. बोनस. भाग ब मध्ये एकूण वेतन १०,२०,००० रु. आहे. ७५,००० रु. प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न ९,४५,००० रु. उरते; त्यावर कर ४४,५०० रु. आणि उपकर १,७८० रु. धरून ४६,२८० रु. होतात. २६एएसमध्ये मात्र वेतन ९,६०,००० रु. आणि कर ४०,०४० रु. एवढाच दिसतो. भाग अ देखील हेच आकडे दाखवतो, म्हणजे वरवर पाहता सगळे जुळलेले आहे. फरक ६०,००० रु. वेतनाचा आणि ६,२४० रु. कराचा. मार्चच्या पगारपत्रकात ९,५७३ रु. कर कापलेला आहे, तर २६एएसच्या मार्चच्या ओळीत ३,३३३ रु. आहेत; येथेही अंतर तेवढेच. लेखा विभागाने बोनसची ओळ स्वतंत्र भरताना पॅनमधील एक अक्षर चुकवले आणि ती ओळ भलत्याच खात्यावर गेली, असा याचा उलगडा होतो.

अशा वेळी उत्पन्न १०,२०,००० रु.च दाखवावे लागते, कारण ते मिळालेले आहे. ४६,२८० रु. श्रेय मागितल्यास बंगळूरचे केंद्रीकृत प्रक्रिया केंद्र बहुधा ४०,०४० रु.च मान्य करते आणि उरलेल्याची व्याजासह मागणी निघते. २६एएसप्रमाणे ९,६०,००० रु. दाखवले, तर उत्पन्न कमी दाखवल्याचा दोष कर्मचाऱ्यावर येतो. उपाय मालकाच्या हाती असतो : परिशिष्ट १ मधील पॅन बदलणारे दुरुस्ती विवरण भरणे. त्यावर प्रक्रिया झाली की २६एएस आपोआप सुधारते. भाग अ मात्र नव्याने काढून घ्यावा लागतो. एआयएसवर ‘माहिती पूर्णतः बरोबर नाही’ असा अभिप्राय नोंदवता येतो, पण त्याने २६एएसमधील श्रेय वाढत नाही.

चौथ्या तिमाहीचे विवरण भरण्याची मुदत ३१ मे आणि प्रमाणपत्र देण्याची १५ जून असल्याने त्याआधी केलेला ताळा बहुधा शेवटच्या तिमाहीवाचूनचा ठरतो. २६एएसमधील प्रत्येक ओळीपुढे स्थितिदर्शक अक्षर असते. F म्हणजे भरणा जुळला. U म्हणजे कर भरलेला नाही किंवा चलनाचा तपशील जुळत नाही. P हे शासकीय कार्यालयांपुरते असून लेखा अधिकाऱ्याची पडताळणी बाकी असल्याचे दाखवते. शासकीय वेतनात आणखी एक गुंता आहे. मार्चचे वेतन एप्रिलमध्ये देय होत असल्याने तेथे वर्ष प्रायः मार्च ते फेब्रुवारीच्या पगारांचे धरतात. खाजगी कंपनीच्या हिशेबाची सवय असलेल्याला त्यात एक महिना सरकल्यासारखा वाटतो.

मालकाने कर कापला पण सरकारजमा केलाच नाही, तर काय, हा वादाचा मुद्दा आहे. नियम ३७बीए नुसार श्रेय कपात करणाऱ्याने दिलेल्या माहितीवर अवलंबून असते. उलट, कापलेल्या रकमेपुरती कर्मचाऱ्याकडे थेट मागणी करण्यास कलम २०५ मनाई करते. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका पगारदाराच्या प्रकरणात कलम २०५ ला प्राधान्य दिले. गुजरात उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका वैमानिकाच्या बाबतीत तीच भूमिका घेतली. मंडळानेही जून २०१५ व मार्च २०१६ मध्ये अशी वसुली करू नये असे अधिकाऱ्यांना कळवले होते. तरीही संगणकीय प्रक्रियेत मागणी निघत राहिली व ती पुढील वर्षांच्या परताव्यातून वळती होऊ लागली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हीदेखील आडमार्गाची वसुलीच ठरवली. न्यायालयांचा कल एका बाजूला स्पष्ट असला, तरी कर खरोखर कापला गेला हे दाखवण्याचा भार कर्मचाऱ्यावर येतो. पगारपत्रके आणि हाती पडलेला निव्वळ पगार दाखवणारे बँकेचे खातेउतारे हाच त्याचा मुख्य पुरावा.

फॉर्म १६ वा २६एएस आणि विवरणपत्र यांतील उत्पन्नाच्या तफावतीवरून विभागाने थेट उत्पन्न वाढवण्याची तरतूदही काही काळ होती. कलम १४३(१)(अ) मध्ये २०१६ च्या वित्त अधिनियमाने तसा उपखंड घातला. पण २०१८-१९ या आकारणी वर्षापासून तो लागू राहिला नाही. बँका गृहकर्जाच्या छाननीत फॉर्म १६ सोबत २६एएस मागतात, तेव्हा त्यांचा रोख श्रेयापेक्षा मालकाचा टॅन हा करकपात खाते क्रमांक व तिमाहीवार नोंदी खऱ्या आहेत का, याकडे असतो.