टबमधलं कमळ

टबमधलं कमळ म्हणजे तळं नसताना गच्चीवर किंवा अंगणात पसरट, बिनभोकाच्या टबात वाढवलेलं कमळ. यात टबाची खोली दुय्यम, रुंदी महत्त्वाची, कारण कमळाचा कंद चिखलात आडवा पळतो आणि टब चौकोनी किंवा अरुंद असला की त्याचं टोक कोपऱ्यात अडकतं. म्हणून टब गोल घेतात.

समजा टब २० इंच रुंद आणि १२ इंच उंच आहे. तळाला इंचभर पूर्ण कुजलेलं जुनं शेणखत, त्यावर ५ इंच जड माती, म्हणजे तळ्यातला गाळ, भातखाचरातली माती किंवा आपली काळी चिकट माती, पाणी घालून कणकेसारखी मळलेली. कुंडीसाठी मिळणारं तयार मिक्स, कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत यातलं काहीच नको, ते हलकं असतं, तरंगतं, पाण्यात सडतं आणि कंदाला धरूनच ठेवत नाही. ताजं शेण तर अजिबात नको, पाणी काळं पडून वास सुटला की कंद कुजायला लागला समजायचं.

लावणी फेब्रुवारी-मार्चमधे, ऊन तापायला लागलं की. कंद कडेला आडवा ठेवून वर थोडा चिखल सारायचा, कोंबाचं टोक मात्र उघडं आणि टबाच्या मध्याकडे, ते टोक मोडलं तर तिथली वाढ थांबते. सुरुवातीला चिखलावर २ इंचच पाणी, म्हणजे ते उन्हाने लवकर कोमट होतं आणि कोंब झपाट्याने निघतो, मग पानं वाढतील तसं पाणी ४-५ इंचांपर्यंत न्यायचं. उन्हाळ्यात रोज भर घालावी लागते. ऊन किमान ६ तास थेट हवं, सावलीत पानं येतात पण कळी येत नाही, आणि हे कुठल्याही खताने भरून निघत नाही.

खताची घाई हीच सगळ्यात जास्त नडते. आधी पाण्यावर तरंगणारी छोटी पानं येतात, तोवर कंद स्वतःच्या साठ्यावर जगत असतो, तेव्हा खत दिलं तर कोवळी मुळं जळतात. देठ ताठ करून पाण्याच्या वर उभी राहणारी २-३ पानं आली की पहिला डोस द्यायचा. चहाचा एक चमचा १०:२६:२६ किंवा डीएपी कागदात घट्ट गुंडाळायचं आणि कोंबापासून लांब, कडेच्या चिखलात खोल खुपसायचं, पुढे दर तीन आठवड्यांनी तेवढंच. पाण्यात टाकलेलं खत शेवाळच खातं. पानांच्या कडा करपायला लागल्या तर खत जास्त झालंय, पाणी बदलायचं आणि पुढचा डोस सोडायचा. उलट नवी पानं फिकट आणि आधीच्यापेक्षा लहान येत असतील तर भूक लागलीये.

डासांसाठी ४-५ गप्पी मासे पुरतात. कळ्यांवर मावा आला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवून काढा, कीटकनाशक नको, मासे मरतात. पिवळं पान कापताना देठ पाण्याच्या वरच कापायचा, देठ आतून पोकळ असतो, खाली कापला तर पाणी थेट कंदापर्यंत जातं आणि तो सडू शकतो. थंडीत पानं वाळतात, तेव्हा कमळ मेलं समजून टब रिकामा करू नका, चिखल ओला ठेवा आणि खत बंद ठेवा, फेब्रुवारीत उकरलं की त्याच टबात एकाचे बरेच कंद झालेले सापडतात.