फोन चेहऱ्याकडे सरकतो तेव्हा

मध्यंतरी मी एक जाडजूड कादंबरी फोनवर वाचत होतो. रोज रात्री पाऊण तास झाला की भुवयांच्या वर जडपणा यायचा, आणि पुस्तक बाजूला ठेवून लांब बघितलं तर पहिले काही क्षण सगळं धूसर दिसायचं. चष्म्याचा नंबर नुकताच तपासलेला होता. तेव्हा एके रात्री फूटपट्टी घेऊन बसलो. डोके दुखायला लागलं त्या क्षणी फोन जिथे होता तिथेच धरून ठेवला आणि घरातल्यांना डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजायला सांगितलं. ते निघालं २६ सेंटीमीटर. वाचायला सुरुवात केली तेव्हा फोन चांगला ४० सेंटीमीटरवर होता. मधल्या वेळात तो कधी पुढे सरकला ते मला कळलंही नव्हतं.

या चौदा सेंटीमीटरची किंमत डोळ्याला मोजावी लागते. जवळचं स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्यातलं भिंग फुगीर व्हावं लागतं, आणि ते काम भिंगाभोवतीचा सिलियरी स्नायू आकुंचन पावून करतो. हे काम डायॉप्टरमध्ये मोजतात: एक मीटरला अंतराने भागलं की आकडा मिळतो. ४० सेंटीमीटरवर तो अडीच डायॉप्टर येतो, २६ सेंटीमीटरवर जवळजवळ चार. शिवाय दोन्ही डोळ्यांना नाकाकडे जास्त वळून राहावं लागतं. स्नायू ही कसरत पाच मिनिटं सहज करतो, पाऊण तास सलग करायला लागला की तक्रार करतो. लांब बघताना येणारा धूसरपणा म्हणजे तो स्नायू पटकन सैल होत नाही, याचीच खूण.

मग फोन जवळ येतोच का? कारण अक्षर लहान असतं. डोळ्याला मिलिमीटर कळत नाहीत, कोन कळतो. अक्षर डोळ्यापाशी जेवढा कोन करतं, तेवढं ते मोठं दिसतं. सुदृढ नजरेला साधारण एका अंशाच्या बाराव्या भागाएवढा कोन करणारं अक्षर कसंबसं ओळखता येतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या तक्त्यातली ६/६ ची ओळ याच मापाची असते. पण ओळखता येणं वेगळं आणि तासभर वाचणं वेगळं. सलग, न अडखळता वाचायला त्याच्या किमान दोन-तीन पट मोठं अक्षर लागतं. त्याहून लहान झालं की वाचनाचा वेग झपाट्याने पडतो. आणि आपण वेग पडू देत नाही, हात जवळ आणतो.

म्हणजे तुमच्या हाताने तुम्हाला हवं ते माप आधीच सांगून ठेवलेलं असतं. माझ्या पडद्यावर ‘क’ची उंची, शिरोरेघेपासून खालच्या टोकापर्यंत, १.३ मिलिमीटर होती. ती मला २६ सेंटीमीटरवर सोयीची वाटत होती. तोच कोन ४० सेंटीमीटरवर हवा असेल तर १.३ ला ४० ने गुणून २६ ने भागायचं: दोन मिलिमीटर. ॲपमधल्या ‘Aa’ खुणेवर बोट ठेवून ‘क’ दोन मिलिमीटरचा होईपर्यंत फॉन्ट वाढवत नेला. ॲपमधले आकडे काय म्हणतात याला फारसा अर्थ नाही. एकाच आकड्याला दोन फॉन्टमधली देवनागरी अक्षरं लहान-मोठी निघतात, म्हणून पट्टीच लावावी. चाळिशीनंतर तर हा हिशेब टाळताच येत नाही. भिंग ताठर झाल्यामुळे फोन जवळ आणायचा पर्यायच उरत नाही, अक्षरालाच वाढावं लागतं.

फॉन्ट वाढवला की ओळी एकमेकींना भिडल्यासारख्या वाटू लागतात, आणि हे मराठीत जास्त जाणवतं. रोमन लिपीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर देवनागरीला अनेकदा अपुरं पडतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतात. ‘कर्तृत्व’ हा शब्द वरच्या ओळीत असेल आणि त्याच्या बरोबर खाली ‘कीर्ती’ आला, तर ऋकाराचं शेपूट आणि रफार एकमेकांच्या अंगावर येतात. नजरेच्या मध्यापासून थोडं बाजूला असलेलं अक्षर शेजारच्या आकारांच्या गर्दीत ओळखायला कठीण जातं, आणि वाचताना पुढचे शब्द आपण त्या कडेच्या नजरेनेच चाचपत असतो. बहुतेक ॲपमध्ये ओळींमधलं अंतर फॉन्टच्या पटीत असतं. वेबवरचा मजकूर सर्वांना वाचता यावा यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांत सगळ्यात वरच्या पातळीला परिच्छेदात किमान दीड पट अंतर मागितलं आहे. मराठीसाठी मी १.६ पासून सुरुवात करतो.

आता मार्जिन. ती शोभेची पट्टी आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. खरं तर मार्जिन ओळीची लांबी ठरवते, आणि ओळीच्या लांबीवर डोळ्यांचा परतीचा प्रवास ठरतो. वाचताना डोळे सरळ घसरत जात नाहीत, उड्या मारतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच नेत्रतज्ज्ञ एमिल जाव्हाल यांनी याकडे लक्ष वेधलं. प्रत्येक थांबा साधारण पाव सेकंदाचा असतो. सगळ्यात लांब उडी ओळीच्या शेवटाकडून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, आणि तीच सगळ्यात जास्त चुकते.

टॅबलेट आडवा धरला आणि मार्जिन अगदी कमी ठेवली, तर ओळ २०० मिलिमीटरची होते. पुढची ओळ समजा पाच मिलिमीटर खाली आहे. डोळ्याला दोनशे मिलिमीटर मागे जाताना फक्त पाच मिलिमीटर खाली उतरायचं असतं. उतार इतका सपाट की नजर पुन्हा त्याच ओळीवर पडते, नाहीतर एक ओळ सोडून खाली. फोनवर ओळ साठ मिलिमीटरची असते, तेव्हा हाच उतार तिपटीहून जास्त तीव्र होतो आणि नजर सहसा बरोबर उतरते. म्हणून टॅबलेटवर मार्जिन भरपूर वाढवावी किंवा पान दोन रकान्यांत घ्यावं. ओळ लांबच ठेवायची असेल तर ओळींमधलं अंतर आणखी वाढवावं.

फोनवर मात्र उलटं करावं लागतं. फॉन्ट दोन मिलिमीटरवर नेल्यावर माझ्या ओळीत तीन-चार शब्दच मावू लागले, म्हणून मार्जिन जवळजवळ किमान केली. तरी एक खोट राहिली. मजकूर दोन्ही कडांना जुळवलेला होता, त्यामुळे तीन शब्दांच्या ओळीत शब्दांमध्ये मोठमोठ्या फटी पडत होत्या आणि नजर त्या फटींतून खाली घसरायची. मजकूर फक्त डावीकडे जुळवल्यावर फटी गेल्या. आता पानं जास्त वेळा उलटावी लागतात, पण पाऊण तासानंतर मोजलं तेव्हा फोन ३८ सेंटीमीटरवर होता.

यानंतरही डोळे चुरचुरत असतील तर तो दोष बहुधा अक्षरांचा नसतो. पडद्याकडे एकटक बघताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. त्यावर फॉन्टचा काही उपाय चालत नाही. डोकेदुखी टिकली तर नंबर आणि दोन्ही डोळ्यांचा जवळचा मेळ तपासून घ्यावा.

हे सगळं ईपबसारख्या, मजकूर नव्याने मांडता येणाऱ्या पुस्तकांना लागू होतं. सेटिंग बदलूनही अक्षर हललं नाही, तर ‘प्रकाशकाची मांडणी’ अशा अर्थाचा पर्याय चालू आहे का ते बघावं आणि तो बंद करावा. पीडीएफमध्ये आणि विशेषतः स्कॅन केलेल्या जुन्या मराठी पुस्तकांत पान म्हणजे चित्रच असतं. तिथे कडेची कोरी जागा कापून टाकायची सोय असेल तर ती वापरावी आणि फोन आडवा धरावा. पानाची रुंदी पडद्याच्या लांब बाजूवर पसरली की अक्षर बऱ्याचदा जवळपास दुप्पट होतं.