अतिरुंद पडद्यावरील दृष्टिक्षेत्र

संगणकीय खेळातील कॅमेऱ्याला जगाचा जेवढा कोन दिसतो त्याला दृष्टिक्षेत्र, खेळाडूंच्या बोलीत एफओव्ही, म्हणतात. १६:९ पडद्यासाठी बेतलेला खेळ २१:९ किंवा ३२:९ पडद्यावर उघडला की दोन तक्रारी ऐकू येतात: ‘कडेचं सगळं ताणलं गेलंय’ आणि ‘चित्र फारच जवळ आलंय’. दोन्हींचा उल्लेख बहुधा एका दमात होतो, पण त्यांची कारणे वेगळी आहेत. रेंडर स्केल आणि रेझोल्यूशन यांच्या घोळामुळे गोंधळ आणखी वाढतो.

‘२१:९’ हे नावही काटेकोर नाही. २१ ला ९ ने भागले तर २.३३ येतात. प्रत्यक्षात २५६०×१०८० चे गुणोत्तर ६४:२७, म्हणजे सुमारे २.३७ आहे आणि ३४४०×१४४० चे ४३:१८, म्हणजे सुमारे २.३९. ६४:२७ हा चार-तृतीयांशचा घन आहे. १६:९ हा त्याचाच वर्ग असल्याने ४:३ पासून चढत जाणारी ही मालिका मुद्दाम योजली होती, असे एक मत आहे. २००९ च्या सुमारास फिलिप्सने याच नावाने दूरचित्रवाणी संच आणला आणि २०१२ च्या आसपास संगणकाचे मॉनिटर आले. ‘१६:९’ शेजारी ओळखू येईल असे सोपे नाव म्हणून ‘२१:९’ रूढ झाले, हे स्पष्टीकरण अधिक सरळ वाटते.

पडदा रुंद झाला की खेळाला उभा कोन किंवा आडवा कोन यांपैकी एक स्थिर धरावा लागतो. दुसरा कोन पुढील सूत्राने ठरतो; त्यात hFOV हा आडवा कोन, vFOV हा उभा कोन, आणि W व H ही पडद्याची रुंदी व उंची.

```
hFOV = 2 × atan( tan(vFOV / 2) × W / H )
```

एखाद्या खेळात १६:९ वर आडवा कोन ९०° आहे असे धरू. तेव्हा उभा कोन सुमारे ५८.७° असतो. हाच खेळ ३४४०×१४४० वर उभा कोन तसाच ठेवून चालवला, तर आडवा कोन १०६.७° होतो आणि दोन्ही बाजूंना जास्तीचे जग दिसते. याला होर-प्लस म्हणतात. उलट, आडवा कोन ९०° वरच अडकवला तर उभा कोन ४५.४° पर्यंत घसरतो. वरखालचे मिळून सुमारे एक चतुर्थांश दृश्य कापले जाते आणि राहिलेले ३४ टक्के मोठे दिसते. हा व्हर्ट-मायनस. ‘झूम झालंय’ ही तक्रार बहुतेक वेळा याचीच असते. पडद्यासाठी पैसे जास्त मोजून दृश्य कमी मिळते, त्यामुळे चिडचिड समजण्यासारखी आहे.

व्हर्ट-मायनसवरचा गाजलेला वाद २००७ मधील ‘बायोशॉक’चा. रुंद पडद्यावर दृश्य वरखाली कापले आहे, असा खेळाडूंचा आक्षेप होता. आपण खेळ रुंद पडद्यासाठीच रचला आणि ४:३ वर उलट वरखाली भर घातली, अशी निर्मात्यांची बाजू होती. भूमितीच्या दृष्टीने दोन्ही विधाने एकच आहेत. मूळ चौकट कोणती मानायची एवढाच प्रश्न उरतो. पुढे दुरुस्तीतून आडव्या कोनाचे कुलूप काढण्याची सोय देण्यात आली, यावरून आक्षेपाला वजन होते असे म्हणता येईल. काही स्पर्धात्मक खेळांत व्हर्ट-मायनस किंवा काळ्या पट्ट्या मुद्दाम ठेवतात, जेणेकरून रुंद पडदेवाल्याला बाजूचे जास्त दिसू नये.

कडांचा ताण होर-प्लसमध्येही राहतो, आणि तो बिघाड नसतो. खेळ त्रिमिती जग सपाट प्रतलावर सरळ रेषांनी प्रक्षेपित करतात. मध्यापासून θ कोनावरची वस्तू आडव्या दिशेने sec²θ पट आणि उभ्या दिशेने secθ पट वाढते. म्हणून अगदी कडेचा चेंडू उंचीच्या secθ पट रुंद दिसतो. ९०° दृश्याच्या कडेला हे प्रमाण १.४१ असते, १०६.७° ला सुमारे १.६८, आणि ३२:९ वर उभा कोन तोच ठेवल्यास, म्हणजे १२६.९° ला, २.२४. एफओव्हीचा सरकपट्टा आणखी ओढला की हा आकडा झपाट्याने चढतो.

असे प्रक्षेपण एका विशिष्ट अंतरावरून पाहिले तर बिनचूक दिसते. सुमारे ८० सेंमी. रुंदीच्या ३४ इंची सपाट पडद्यावर १०६.७° दृश्यासाठी डोळा ३० सेंमी.वर हवा. तिथून पाहिले की कडेचा लांबट चेंडू तिरका दिसून पुन्हा गोल होतो. पण माणूस बसतो त्याच्या साधारण दुप्पट अंतरावर. नाक पडद्याजवळ नेऊन, नजर न हलवता ही गोष्ट कोणालाही पडताळता येईल.

निदानासाठी चाक किंवा पिंपाचे तोंड अशी गोल वस्तू समोरून पाहावी. ती मध्यभागी गोल आणि जागेवरच वळून कडेला नेल्यावर लांबट होत असेल, तर तो प्रक्षेपणाचा परिणाम. मध्यातही लांबट असेल आणि मेनूतली अक्षरेही रुंदावली असतील, तर १६:९ चित्र पडद्यावर ओढून बसवले आहे. हा खरा ताण, सर्वत्र सारखाच ३४ टक्के. मध्यात गोल पण १६:९ पेक्षा मोठी दिसली, तर व्हर्ट-मायनस. हातातल्या शस्त्रावरून मात्र निष्कर्ष काढू नये. ते अनेकदा वेगळ्या एफओव्हीने रेखाटलेले असते.

कडांचा ताण कमी करणारे पानिनी प्रक्षेपण काही गेम इंजिनांत उपलब्ध आहे. जग आधी दंडगोलावर उतरवून मग ते सपाट केले जाते. उभ्या रेषा आणि मध्यातून जाणाऱ्या रेषा सरळ राहतात, बाकीच्या आडव्या रेषा वाकतात. हे नाव अठराव्या शतकातील इटालियन चित्रकार जोव्हान्नी पाओलो पानिनी याच्यावरून पडले. शार्पलेस, पोस्टल आणि जर्मन या तिघांनी २०१० च्या सुमारास ही पद्धत मांडताना तिचे मूळ त्याच्या रोममधील भव्य दालनांच्या चित्रांत शोधले. चित्रकाराने हे गणित जाणून वापरले की डोळ्याला खटकते ते नजरेनेच सावरले, हा प्रश्न वेगळा. दुसरी शक्यता सयुक्तिक वाटते.

रेंडर स्केलचा या कोनांशी संबंध नाही. रेझोल्यूशन बदलले की चौकटीचे गुणोत्तर बदलू शकते, आणि त्याबरोबर एफओव्हीही. रेंडर स्केल चौकट तीच ठेवून आतले चित्र कमी-जास्त पिक्सेलांत रेखाटतो. म्हणून ‘झूम’ घालवण्यासाठी हा आकडा फिरवण्यात अर्थ नाही. चित्र फक्त धूसर किंवा रेखीव होईल.

३४४०×१४४० च्या मॉनिटरवर ग्राफिक्स कार्डाचा भार हलका करायचा आहे असे समजू. रेझोल्यूशन २५६०×१०८० केले, तर गुणोत्तर २.३९ वरून २.३७ होते. चित्र एकतर किंचित ताणले जाते किंवा दोन्ही कडांना तेरा-चौदा पिक्सेलांच्या काळ्या रेघा उरतात. शिवाय नकाशा आणि अक्षरेही त्याच कमी पिक्सेलांतून मोठी होऊन येतात. त्याऐवजी रेझोल्यूशन मूळच ठेवून रेंडर स्केल ७५ टक्के केला, तर आतले चित्र २५८०×१०८० होते. पिक्सेल जवळपास तेवढेच, गुणोत्तर अचूक, आणि अक्षरे बहुधा पूर्ण रेझोल्यूशनवर काढली जात असल्याने ती स्वच्छ राहतात.

टक्का कशाचा, हे मात्र खेळागणिक बदलते. अनरियल इंजिनच्या `r.ScreenPercentage` मध्ये तो प्रत्येक बाजूचा असतो, म्हणून ७५ म्हणजे एकूण पिक्सेलांपैकी ५६ टक्के आणि ५० म्हणजे केवळ चौथा भाग. काही खेळ तो क्षेत्रफळाचा धरतात. तिथे त्याच ७५ ला बाजू सुमारे ८७ टक्के राहते आणि आतले चित्र साधारण २९७९×१२४७ येते.